वीटभट्टीवरचा नकार

प्रिय मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या गावातल्या ज्या आजारी मुलाला घरचे दवाखान्यात न्यायला तयार नव्हते, त्याला तिसऱ्या दिवशी का होईना, मामाने नेले आणि आता ते घरी आले आहे, हे वाचून जिवाला बरे वाटले. मात्र तुझ्या नोंदवहीतले जे वाक्य तू पत्रात उतरवले आहेस, ‘समजावून सांगितले, पण कुटुंब ऐकत नाही’, त्यापाशी मी अडले. आशा म्हणून आणि पुढे गटप्रवर्तक म्हणून काम करताना हे वाक्य मीही पुष्कळदा लिहिले आहे. त्यातून आपण गेलो होतो एवढे कळते; घरातला कोण नाही म्हणाला आणि कशासाठी म्हणाला, हे मात्र कळत नाही. म्हणून उपदेशाऐवजी एका दुपारची हकीकत सविस्तर लिहिते.

जानेवारी महिना होता. पडघ्याच्या पुढे, महामार्गापासून आत असलेल्या एका वीटभट्टीवर मी गेले होते. तिथली बहुतेक माणसे शहापूर तालुक्यातल्या कातकरी पाड्यांवरून दिवाळीनंतर आलेली. ती गावच्या आशाच्या यादीत असतात, पण गावात नसतात; आणि भट्टी ज्या आशाच्या हद्दीत येते तिच्या यादीत त्यांची नावे नसतात. त्यामुळे नऊ महिन्यांचे एक मूल पाच दिवस खोकत असल्याचे कुणालाच माहीत नव्हते. मलाही ते कळले ते शेजारच्या झोपडीतल्या बाईने पाणी देता देता सांगितले म्हणून.

झोपडीत आजी मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मुलाच्या गळ्यात भगताने दिलेला काळा दोरा होता आणि कपाळावर अंगारा. आई बाहेर विटा थापत होती. मी मुलाकडे पाहिले, अंगाला हात लावला आणि घाईने म्हणाले, “याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवे.” आजीने मूल पदराखाली घेतले. बाप आला, त्याने माझ्याकडे न पाहता सांगितले, “तिथे नेलेलं पोर परत येत नाही, बाई.” दोन वर्षांपूर्वी त्यांची थोरली मुलगी दवाखान्यातच दगावली होती. यावर मी जे बोलले ते आजही मला टोचते. मी म्हणाले, “उशिरा नेली असेल, म्हणून गेली.” वैद्यकीयदृष्ट्या ते कदाचित बरोबरही असेल, पण बापाच्या कानावर ते ‘तूच मारलीस’ असे पडले. तो उठून निघून गेला. बोलणे तिथेच संपायचे, पण मला परत जायला गाडी नव्हती, म्हणून मी बसून राहिले. (पुढे वाटले, त्या दिवशी रिक्षा मिळाली असती तर नोंदवहीत तुझेच वाक्य लिहून मी घरी गेले असते.)

बसल्या बसल्या मी आधी करायला हवे होते ते काम केले. श्वास मोजायचा तर मूल रडत नसावे, पीत नसावे, नाक चोंदलेले असेल तर ते आधी पुसून घ्यावे, झबले छातीच्या वर सरकवावे आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा मोह होतो; तो टाळ, कारण लहान मुलाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त असतील तर ते जलद समजतात आणि निमोनियाची शंका घेतात. माझ्यापुढचे मूल 64 श्वास घेत होते. पुन्हा मोजले तेव्हा 62 भरले. शिवाय श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालची बाजू आत ओढली जाऊन तिथे खळगा पडत होता. पोट तर सगळ्याच बाळांचे हलते, त्याला फसू नकोस. श्वास आत जाताना खालची छाती फुगण्याऐवजी आत जाते का, ते पाहायचे. आणि आजीला विचारले तेव्हा कळले की सकाळपासून त्याने अंगावरचे दूध ओढलेच नव्हते. ही शेवटची गोष्ट सर्वांत वाईट. दोन महिन्यांच्या पुढच्या मुलाचा नुसता जलद श्वास असेल आणि ते पीत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवून तोंडाने द्यायच्या औषधावर भागते. प्रत्येक खोकल्याला मोठ्या दवाखान्याचा धोशा लावलास, तर खरी वेळ येईल तेव्हा तुझे कुणी मनावर घेणार नाही. पण मूल दूध ओढत नाही, सगळे ओकून टाकते, झटके येतात किंवा हलवूनही नीट जागे होत नाही, यातले एक जरी दिसले तरी त्याला दवाखान्यातच न्यायचे.

हे मला कळले होते. पण आजीला 64 हा आकडा सांगून काय उपयोग? मला एकदम सुचले ते असे. शेजारणीचे त्याच वयाचे, धडधाकट मूल ओट्यावर झोपले होते. मी भट्टीवरचे मूठभर खडे आणले, घड्याळ शेजारणीच्या हातात दिले आणि आजीला म्हणाले, “पोट वर आले की एक खडा खाली ठेवायचा. दुसरे काही करायचे नाही.” आधी शेजारणीचे मूल, मग तिचा नातू. मिनिट झाले की शेजारीण “थांब” म्हणे. पहिल्या ढिगात 36 खडे होते. दुसरा ढीग लावताना आजीचा हात मागे पडू लागला. खडा ठेवेपर्यंत पुढचा श्वास येई. मिनिट संपल्यावर ती दोन्ही ढिगांकडे पाहत राहिली. मग हलकेच म्हणाली, “हे पोर पळतंय. निजून पळतंय.” त्यापुढे आजाराबद्दल मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

तरीही कुणी उठले नाही, आणि मला तुला खरे सांगायचे आहे ते इथून पुढचे. आजार पटणे वेगळे आणि घरातून पाऊल निघणे वेगळे. मी आजीला विचारले, “आत्ता निघालो तर इथे काय अडेल?” तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. नवरा-बायकोने जोडीने उचल घेतली होती. बायको गेली की त्याची एकट्याची थापणी निम्म्यावर येणार आणि दुसऱ्या दिवशी बाजाराची खर्ची मुकादम कापणार. चार वर्षांच्या मुलाला कोण पाहणार? दोरा काढायला लावतील का? थोरल्या मुलीच्या वेळी तिला परत आणायच्या गाडीचे पैसे मुकादमाकडूनच घ्यावे लागले होते आणि ते अजून फिटले नव्हते. या चारांपैकी एकाही अडचणीवर ‘निमोनिया’ हे उत्तर नव्हते.

मी मुकादमाकडे गेले. कायद्याची भाषा बोलले नाही. बोलले असते तर त्याने मला भट्टीबाहेर काढले असते आणि राग त्या जोडप्यावर निघाला असता. फक्त एवढेच म्हणाले, “दादा, खर्ची कापणार नाही हे त्याच्यासमोर सांगा.” तो जरा घुटमळला, पण आला आणि बापाला म्हणाला, “जा रे, खर्ची मिळेल.” चार वर्षांच्या मुलाला शेजारणीने ठेवून घेतले. दोऱ्याबद्दल मी सांगितले की तो मी काढणार नाही, आणि सुई टोचताना आड आला तर मनगटाला बांधून देईन. पैशांबद्दल मात्र तोलून बोलले. एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात औषधे, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत आहे, ते सांगितले. आणि बापाच्या जेवणाचा, येण्या-जाण्याचा खर्च त्यात नाही, हेही सांगितले. ‘एक पैसा लागणार नाही’ असे कधी बोलू नकोस. वडापावाचे वीस रुपये गेले तरी तू खोटी ठरतेस.

108 ला फोन केला तेव्हा भट्टीला पत्ता नसल्याचे लक्षात आले. महामार्गावरची ओळखीची खूण सांगितली आणि एका पोराला वळणावर उभे केले. गाडी येईपर्यंतच्या वेळात मी बापाशेजारी बसले. आधी त्याच्या मुलीबद्दल बोलले ते चुकले, असे म्हणाले. तो काही बोलला नाही. मग तिथे काय दिसेल ते सांगितले: नाकाला नळी लावतील, हाताला सुई लावून पट्टी बांधतील, मूल रडेल, पहिल्या रात्री फारसा फरक दिसणार नाही. ऑक्सिजनची नळी लावली की मूल जाते, ही समजूत पाड्यावर घट्ट आहे, कारण तिथल्या माणसांनी ती नळी बहुतेक वेळा शेवटच्या घटकेलाच पाहिलेली असते. नळी लागल्यावर हे सांगायला गेलीस तर समजूत घातल्यासारखे होते. आधी सांगितलेस तर, ‘बाई म्हणाली तसेच झाले’ असे होते.

मी गाडीत बसून गेले, केसपेपर निघेपर्यंत थांबले आणि मूल वॉर्डात गेल्यावर परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी बापाचा फोन आला. मूल दूध पिऊ लागले होते, म्हणून त्याला घरी न्यायचे होते. हीच ती वेळ, जेव्हा बरीच कुटुंबे सही करून निघून जातात. मी म्हणाले, “आजीला खडे ठेवायला सांग.” अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला: खडे नाहीत, शेंगदाणे ठेवले, 54 झाले. “शेजारणीच्या पोराएवढे होईपर्यंत थांबू,” असे आजीनेच त्याला सांगितले होते. चौथ्या दिवशी 40 भरले आणि पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सोडले.

तुझ्या गावातल्या त्या घरी आता मूल बरे आहे म्हणून जायचे राहू देऊ नकोस. या आठवड्यात दिवेलागणीनंतर, आई आणि बाप दोघेही घरी असताना जा. घरी आल्यावरचे औषध पूर्ण झाले का ते बाटली हातात घेऊन पाहा, आणि नऊ महिने भरले असतील तर गोवर-रुबेलाचा डोस राहिला आहे का ते माता-बाल संरक्षण कार्डावर बघ. मग पहिल्या दिवशी काय अडले होते ते विचार. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत नोंदवहीत त्या जुन्या वाक्याखाली लिही, आणि मासिक बैठकीला येशील तेव्हा ती वही माझ्यासाठी आण.

तुझी,
बाई