डोळे पिवळे, लघवी गडद: टेस्ट करायलाच हवी का?

नवऱ्याचे डोळे चार दिवसांपासून पिवळसर दिसतायत, लघवी चहासारखी होतेय. गावात कावीळ उतरवून घेतली तर चालेल का, की टेस्ट लागेलच?

टेस्ट लागेलच, आणि उद्या नको, आजच करा. लघवी गडद होते म्हणजे बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य रक्तात साठून किडनीतून बाहेर पडतंय, पण ते लिव्हरला सूज आल्यामुळे की पित्ताची नळी खड्याने बंद झाल्यामुळे, हे डोळे बघून कुणालाच कळत नाही. समजा दोघांचंही बिलिरुबिन ६ आलं, पण लिव्हरच्या पेशींना इजा झाली की वाढणारं एसजीपीटी एकाचं १५०० म्हणजे बहुतेक व्हायरल हिपॅटायटिस, आणि दुसऱ्याचं एसजीपीटी ९० पण पित्ताची वाट अडली की वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज ६०० म्हणजे नळीत अडथळा असण्याची शक्यता जास्त, त्याला सोनोग्राफी लागते आणि खडा काढावा लागतो, तो माळ घालून निघत नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून उतरवणाऱ्याला श्रेय मिळतं. एलएफटी या लिव्हरच्या रक्ततपासणीसोबत, रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी पीटी-आयएनआर आणि हिपॅटायटिसच्या टेस्टही डॉक्टर सांगतील, आयएनआर वाढला तर लिव्हर थकत असण्याची शक्यता असते. तोवर दारू बंद, पॅरासिटामॉल किंवा काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थंडी वाजून ताप, पोटात उजवीकडे दुखणं, असंबद्ध बोलणं, सारखी झोप किंवा रक्तस्राव यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.