जुलाबात साधं पाणी पुरत नाही, मीठ-साखरेचं पाणी का पुरतं?

प्रश्न: जुलाब झाल्यावर नुसतं पाणी पाजलं तर पुरत नाही म्हणतात, पण त्यात चिमूटभर मीठ आणि साखर घातली की ते औषध होतं. असं का? आणि ओआरएस देऊनही माझ्या मुलाचे जुलाब तीन दिवस थांबले नव्हते, मग त्याचा उपयोग काय झाला?

उत्तर:

ओआरएस जुलाब थांबवत नाही. जुलाब चालू असतानाच ते अंगात पाणी भरतं. आतड्यातून बाहेर जाणारी वाट बंद करणं त्याच्या हातात नसतं, ते आत येण्याची दुसरी वाट वापरतं. ही दुसरी वाट कुठली, ते कळलं की मीठ आणि साखर दोन्ही का लागतात आणि मापात का लागतात, ते आपोआप उलगडतं. मी गेली बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काम करते आणि ही गोष्ट रोज कुणा ना कुणा आईला समजावून सांगते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या लहान आतड्यात रोज 8 ते 9 लिटर पाणी उतरतं. त्यातलं आपण प्यायलेलं जेमतेम दोन लिटर. बाकीचं लाळ, जठररस, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस यांच्यातून येतं. यातलं जवळजवळ सगळं आतडं परत शोषून घेतं आणि शौचावाटे जातं ते फक्त 100-200 मिली. पण आतड्याकडे पाणी ओढणारा पंप नाही. आतड्याच्या पेशी मीठ, म्हणजे मुख्यतः सोडियम, आत ओढतात आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं. सोडियम जिकडे, पाणी तिकडे. एवढं धरून ठेवलं तरी पुढचं सोपं जातं.

सोडियम आत घेण्याची दारं बरीच आहेत. कॉलऱ्यात काय होतं बघा, कारण तिथे चित्र सगळ्यात स्पष्ट दिसतं. कॉलऱ्याचं विष पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या खूप वाढवतं. त्यामुळे क्लोराइड बाहेर सोडणारं दार उघडंच राहतं. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत धो धो वाहतं, सोडियम आणि पाणी त्याच्या मागे जातं. त्याच वेळी मीठ आत घेणारं एक मोठं दार मंदावतं. म्हणजे बाहेर जाणं वाढलं आणि आत येणं घटलं. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरसुद्धा पाणी असं जाऊ शकतं.

पण त्याच पेशीवर आणखी एक दार आहे, एसजीएलटी-1 नावाचं प्रथिन, आणि कॉलऱ्याचं विष त्याला हात लावत नाही. या दाराची अट मात्र कडक आहे. पोकळीच्या बाजूने आधी सोडियमचे दोन कण त्यात बसतात, मग ग्लुकोजचा एक. तिघं बसले की प्रथिन आपला आकार बदलतं आणि पेशीच्या आतल्या बाजूला उघडतं. नुसतं सोडियम किंवा नुसतं ग्लुकोज आलं, तर ही फेरी होत नाही. तुमच्या मीठ आणि साखरेचं कोडं इथे सुटतं: साखर इथे ताकद येण्यासाठी किंवा चवीसाठी नाही, सोडियमला आत शिरायला जोडीदार म्हणून आहे.

आत आलेलं ग्लुकोज पेशीच्या मागच्या दाराने रक्तात जातं. सोडियमला पेशीच्या मागच्या बाजूचा पंप बाहेर काढतो, दर फेरीला तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत. खरी ऊर्जा खर्च होते ती या पंपावर. तो पेशीतलं सोडियम सतत कमी ठेवतो, म्हणूनच पोकळीतलं सोडियम आत यायला आतुर असतं आणि ग्लुकोजलाही सोबत ओढून आणतं. पेशींच्या मागे मीठ-साखर साचली की पाणी त्यांच्या मागे निघालंच.

सोडियम आणि ग्लुकोजची ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट 1960 मध्ये प्रागमधल्या एका परिषदेत मांडली. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना ग्लुकोज-मिठाचं पाणी तोंडाने देऊन दाखवलं, तेव्हा सलाइनची गरज फार मोठ्या प्रमाणात कमी झाली. आणि 1971 मध्ये, बांगलादेशाच्या युद्धाच्या काळात, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं होतं आणि रुग्ण जमिनीवर पडलेले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून ते नातेवाइकांच्या हाती दिलं. तिथला मृत्युदर 30 टक्क्यांच्या आसपास होता, तो 4 टक्क्यांच्या खाली आला. पाजणारे हात आई-बापांचे, भावंडांचे होते. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

आता साधं पाणी. ते अजिबात शोषलं जात नाही असं नाही. पण आतड्याचं अस्तर गळकं असतं. पोकळीत मीठ कमी झालं की रक्तातलं मीठ तिकडे झिरपतं आणि जुलाबाबरोबर वाहून जातं. जेवढं पाणी आत राहतं तेवढ्याने रक्त आणखी पातळ होतं. अशी मुलं सुस्तावतात, सोडियम फार उतरलं तर झटकेही येतात.

उलट बाजूची चूक गोड पाण्याची. कोल्ड्रिंक किंवा पॅकबंद ज्यूसमध्ये साखर भरपूर आणि सोडियम नावापुरतं. आतडं एका वेळी एवढी साखर घेऊ शकत नाही, उरलेली पोकळीत पडून रक्तातून पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून ओआरएसमध्ये दोन्हींचं माप बांधलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्रात लिटरमागे सोडियम 75 आणि ग्लुकोजही 75 मिलिमोल आहे (मिलिमोल म्हणजे कणांची मोजणी, वजनाची नव्हे). क्लोराइड, पोटॅशियम आणि सायट्रेट धरून एकूण कण 245 होतात, रक्ताच्या साधारण 290 पेक्षा थोडे कमीच, म्हणजे पाण्याचा ओढा रक्ताकडे राहतो. जुन्या सूत्रात हा आकडा 311 होता. मग दाराला दोनास एक लागतं तर पाकिटात एकास एक का? कारण आतड्याच्या पोकळीत आधीच झिरपलेलं सोडियम असतं, कमी पडतो तो ग्लुकोजचा जोडीदार.

मापाची चूक कशी दिसते, ते एका बाळावरून सांगते. चौदा महिन्यांचा मुलगा, आमच्याकडे आला तेव्हा वजन 10 किलो. दोन दिवस पाण्यासारखे जुलाब. आई म्हणाली, "मॅडम, ओआरएस तर कालपासून पाजतेय, तहान काही भागत नाही, अन् शी वाढलीय." मी पिशवीतली दुधाची बाटली बाहेर काढायला सांगितली. 250 मिलीची बाटली, आणि औषधाच्या दुकानातून आणलेलं एक लिटरचं अख्खं पाकीट त्यात रिकामं केलेलं. "बाटलीत टाकून पाजा" एवढंच तिला दुकानात सांगितलं होतं. चौपट दाट पाणी: सोडियम 300, म्हणजे रक्ताच्या दुप्पट, आणि एकूण कण 980. असं पाणी आतड्यात पडलं की उलट रक्तातलंच पाणी बाहेर खेचतं. तिची तक्रार शब्दशः खरी होती. बाळाच्या रक्तातलं सोडियम तपासलं, थोडं वाढलेलं निघालं. आणखी एक दिवस असंच गेलं असतं तर प्रकरण अवघड होतं.

इथे पाकिटांचा घोळ लक्षात घ्या. बाजारात साधारण 21 ग्रॅमचं पाकीट एक लिटरचं असतं आणि साधारण 4 ग्रॅमचं 200 मिलीचं, म्हणजे एका ग्लासाचं. दोन्हींवर "ओआरएस" हेच लिहिलेलं. आधी पाठीमागचा पाण्याचा आकडा वाचा. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये हेही करू नका, कारण पावडर आत सारखी मिसळलेली असेलच असं नाही. बनवलेलं पाणी 24 तासांत वापरा, नाही तर फेकून द्या.

त्या बाळाचे डोळे खोल गेले होते, पोटाच्या कातडीला चिमटा घेतला की ती हळू सपाट व्हायची, पण शुद्ध चांगली होती आणि वाटी तोंडाशी नेली की झडप घालायचा. हे मधल्या पातळीचं शोष पडणं. याला किलोमागे 75 मिली, चार तासांत. म्हणजे 750 मिली, 5 मिलीच्या चमच्याने दीडशे चमचे, दर दीड मिनिटाला एक. आईला ताज्या पाण्याचं पातेलं आणि चमचा दिला. पहिल्या वीस मिनिटांत त्याने एकदा उलटी केली, तिने दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं, आणखी सावकाश. उलटी झाली म्हणून ओआरएस बंद करायचं नसतं, घाई कमी करायची असते. अंगावरचं दूधही मध्ये मध्ये चालूच होतं.

घरात पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. आपली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेलं, आतड्यात ती तुटते आणि निम्मं ग्लुकोज मिळतं, सहा चमच्यांतून जवळपास पाकिटाएवढंच. पोटॅशियम मात्र यात नसतं. मीठ घातलेली भाताची पेजही याच तत्त्वावर चालते: पिठूळ पदार्थ हळूहळू ग्लुकोज सोडतो, पोकळीत एकदम गर्दी होत नाही. आजीच्या पेजेमागे हेच दार आहे.

हे दार कुठे अपुरं पडतं, तेही सांगायला हवं. मूल निपचित पडलं, पिऊ शकत नाही, हातपाय गार, नाडी लागत नाही, तर वाट न बघता दवाखाना, तिथे सलाइनच लागतं. पोट फुगलं आणि आतड्याची हालचाल थांबली असेल तर तोंडाने काही देऊन भागत नाही. रोटाव्हायरसमध्ये आतड्याचे शोषणारे कोंब जागोजागी झडतात, पण उरलेले बहुतेक वेळा पुरतात. क्वचित एखाद्या बाळाला ते पुरत नाहीत. ओआरएस सुरू केलं की जुलाब एकदम भराभर वाढतात आणि थांबवलं की ओसरतात. तेव्हा शीमध्ये साखर तपासतात. शीत रक्त दिसलं तर तो आजारच वेगळा, त्याला डॉक्टरांचं औषध लागतं.

त्या दिवशी आई दर शीला माझ्याकडे येऊन म्हणायची, "पुन्हा झाली." मी तिला शी मोजायचं सोडून लघवी मोजायला सांगितलं. चार तासांत पाच वेळा शी झाली. चौथ्या तासाला बाळ रडलं तेव्हा गालावर अश्रू होते, लंगोट लघवीने ओला होता आणि वजन 10 किलो 500 ग्रॅम भरलं. जुलाब थांबायला आणखी दोन दिवस गेले. तोवर तो वॉर्डभर रांगत होता.