चालू फाइली चारच

"मी कर सल्लागार आहे. सांगलीत छोटं ऑफिस, हाताखाली दोन मदतनीस. सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत काम करते, तरी टेबलावर वीस-पंचवीस फाइली अर्धवटच. एक हातात घेतली की दुसऱ्याचा फोन येतो. डोळे मिटले की कुणाचं काय राहिलंय तेच आठवतं. माझ्यात चिकाटीच नाही की काय?"

चिकाटीचा विषय मी बाजूला ठेवला आणि आधी सगळ्या फाइली मोजून आणायला सांगितलं. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.) पुढच्या भेटीत या मॅडम यादीच घेऊन आल्या. हात लागलेल्या पण न संपलेल्या फाइली २४. सात मदतनिसांकडे, सहा त्यांच्या स्वतःच्या तपासणीसाठी थांबलेल्या आणि अकरा कुठल्या ना कुठल्या कागदासाठी अडलेल्या.

मी विचारलं, "कागद पुरे नसताना या अकरा सुरू का केल्या?"

"अहो, काका लोक रोज फोन करतात. 'घेतलंय करायला' म्हटलं की गप्प बसतात."

दुखणं इथेच होतं. फाइल उघडणं हे त्यांच्याकडे काम नव्हतं, क्लायंटला द्यायचं उत्तर होतं. फोन आला की फाइल उघडायची, पगाराचे चार आकडे भरायचे, मग बँकेचा व्याजाचा दाखला नाही म्हणून बाजूला ठेवायची. असं दहा जणांना बरं वाटावं म्हणून केलं की दहा फाइली अर्धवट राहणारच, माणूस कितीही चिकाटीचा असला तरी.

मग एक साधा हिशेब मांडला. ऑफिसातून सरासरी रोज दोन फाइली पूर्ण होतात. २४ उघड्या असतील तर २४ भागिले २, म्हणजे उघडलेली फाइल संपायला सरासरी बारा कामाचे दिवस. उघड्या दहाच ठेवल्या तर पाच. वेग तोच, माणसं तीच. हा लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला, रांगांचा अभ्यास करताना. कानबान म्हणजे एका वेळी किती कामं उघडी ठेवायची त्याला मर्यादा घालणारी पद्धत, आणि ती मर्यादा का उपयोगी पडते ते याच हिशेबातून कळतं. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही अशी पद्धत बसवली, पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी ती फळ्यावर आणली. कर सल्लागाराच्या ऑफिसात ती चालते, कारण तिथेही काम टप्प्याटप्प्यानेच सरकतं.

भिंतीवर पांढरा फळा लावला. रकाने पाच: यायचं, चालू, कागदासाठी अडलेलं, मॅडमच्या तपासणीला, झालं. दर फाइलची एक चिठ्ठी. मधल्या तीन रकान्यांच्या डोक्यावर आकडा लिहिला: चालू ४, अडलेलं ४, तपासणी २. रकाना भरला की त्यात नवी चिठ्ठी नाही. आधी पुढची चिठ्ठी सरकवायची, मगच मागची ओढायची.

अडलेल्या रकान्याला आकडा हवाच, यावर मी अडून बसते. बरेच लोक 'चालू'ला मर्यादा घालतात आणि 'अडलेलं' मोकळं सोडतात. मग चालू भरलं की चिठ्ठी हळूच तिकडे ढकलायची, हात मोकळा, नवी फाइल सुरू. फळा नीटनेटका दिसतो आणि ढीग तेवढाच राहतो.

'झालं' म्हणजे काय, हेही ठरवावं लागलं. पोर्टलवर रिटर्न सबमिट केलं की त्या झालं म्हणत. पण ई-व्हेरिफिकेशन बाकी असतं. ते ३० दिवसांत झालं नाही तर रिटर्न भरल्याची तारीखच पुढे सरकते. अडलेल्या अकरातल्या तीन फाइली नेमक्या अशाच होत्या, फक्त ओटीपी राहिला होता. एका आजोबांचा आधारला जोडलेला मोबाइल पुण्यात मुलाकडे. तीन फोन केले, तीन चिठ्ठ्या 'झालं'मध्ये गेल्या. सुरुवात नेहमी उजवीकडूनच करायची ती यासाठी. संपायला जवळ असलेलं आधी. उरलेल्या आठातल्या चार फाइलींना फक्त एकेक कागद हवा होता, त्या रकान्यात राहिल्या. ज्यांना बरंच काही हवं होतं त्या चार मागे 'यायचं'मध्ये गेल्या, प्रत्येकीवर 'कुठवर आलंय' अशी एक ओळ लिहून. आणि पुढचा नियम असा केला की यादीतले सगळे कागद हातात आल्याशिवाय 'चालू'त चिठ्ठी येणार नाही.

पहिल्या आठवड्यात त्या तडतडत आल्या. "तपासणीचा रकाना भरलेला, म्हणून पोरगा फाइल पुढे देऊ शकत नाही, नवी घेऊ शकत नाही. पगार देते आणि बसून राहतो!"

हे व्हायलाच हवं होतं. मर्यादेशिवाय तो मुलगा कधीच रिकामा दिसला नसता, त्याने आणखी चार फाइली उघडून मॅडमच्या टेबलावर रचल्या असत्या. खरी अडवणूक मॅडमच्या तपासणीत आहे हे फळ्याने दाखवलं. काम नसलेल्याने नवं सुरू करायचं नसतं, जिथे तुंबलंय तिथे हात लावायचा असतो. मग त्या मुलाने एआयएसमधले, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकातले, व्याजाचे आकडे बँक स्टेटमेंटशी जुळवून, फरक पेन्सिलने खुणावून फाइल द्यायला सुरुवात केली. ही जुळवणी आतापर्यंत मॅडम स्वतः करायच्या. उरलेल्या वेळात त्याने अडलेल्यांना फोन केले.

फोनवर काय बोलायचं हे आम्ही ठरवून घेतलं: "काका, कागद पुरे आले की तुमचा नंबर लागतो. आज तुमच्या पुढे सहा आहेत, पुढच्या गुरुवारी हात लावतो." 'घेतलंय' म्हणण्यापेक्षा हे जड जातं. काही जण रागावलेही, एकाने फाइल परत नेली.

तातडीसाठी फळ्याच्या वरच्या बाजूला एकच जागा ठेवली. नोटिशीचं उत्तर किंवा कर्जासाठी बँकेला लागणारं रिटर्न तिथे. एका वेळी एकच चिठ्ठी. दुसरी तातडी आली तर पहिली संपेपर्यंत थांबते.

मर्यादेने काय होत नाही तेही सांगते. रोज तीन फाइली येत असतील आणि दोनच संपत असतील, तर 'यायचं'चा रकाना फुगत जाणार. त्यासाठी माणूस वाढवा किंवा कामाला नाही म्हणा. म्हणून दर शनिवारी तो रकाना मोजायचा आणि चिठ्ठीवर रोज एक ठिपका द्यायचा, म्हणजे कुठली चिठ्ठी शिळी होतेय ते दिसतं. त्यांच्याकडे ठिपके बहुधा सहाच्या पुढे जात नाहीत. एखादी गेलीच तर सकाळी आधी तिच्याबद्दलच बोलणं होतं.

झोपेचं विचारलं, तर म्हणाल्या, आता आठवायला नावंच कमी आहेत, आणि ती फळ्यावर असतात. जुलैच्या गर्दीत त्यांनी तपासणीचा आकडा दोनाचा तीन करून पाहिला. तीन-चार दिवसांतच फाइली पुन्हा घरी यायला लागल्या, तेव्हा परत दोन केला.