डब्याचा दर वाढवताना जुन्या गिऱ्हाइकांना काय लिहावं?

प्रश्न: पुण्यात घरगुती डबा देते, साठ गिऱ्हाइकं आहेत, बरीचशी चार-पाच वर्षांपासूनची. ८० रुपयांचा डबा १ तारखेपासून ९० करायचाय. दोन्ही मावशींचा पगार तीन-तीन हजारांनी वाढवला, किराणा महागला, डबे पोचवणाराही जास्त मागतोय. चिठ्ठीत काय लिहू?

उत्तर: ताई, आधी कागदावर हिशेब करा. साठ डबे, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,५६० डबे. पगारात वाढलेले सहा हजार यांत वाटले की डब्यामागे जवळजवळ ४ रुपये येतात. किराणा आणि पोचवणं याच रीतीने काढा. तिन्हींची बेरीज दहाच्या आसपास आली तरच दहा वाढवा. सहाच येत असतील तर सहा.

मी पहिल्यांदा दर वाढवला तेव्हा नुसतं ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने’ असं लिहिलं होतं. तेव्हा तेल उलट उतरलं होतं, खरं कारण पगाराचं होतं. एका काकूंनी फोन करून तेलाचा भाव ऐकवला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी खरं कारणच लिहितो. मावशींचा पगार वाढवला हे लिहायला संकोच वाटतो, पण रोज त्यांच्या हातची पोळी खाणाऱ्याला ते लगेच पटतं.

तुमची चिठ्ठी अशी होऊ शकेल:

> नमस्कार. १ तारखेपासून आपला डबा ८० ऐवजी ९० रुपयांना मिळेल. २६ डब्यांचे २,०८० होत, ते २,३४० होतील. पोळ्या-भाजी करणाऱ्या दोन्ही मावशींचा पगार वाढवला, त्याचे डब्यामागे ४ रुपये. बाकी वाढ किराणा आणि पोचवण्याच्या खर्चाची. पोळ्या, भाजी, वरण-भात आहे तेवढंच राहील. ज्यांनी आगाऊ पैसे भरलेत त्यांना ते संपेपर्यंत जुनाच दर. डबा बंद करायचा असेल तर उरलेले पैसे परत देईन. काही विचारायचं असल्यास मला फोन करा.

महिन्याची रक्कम लिहायला विसरू नका. गिऱ्हाईक महिन्याचे पैसे देतं, त्यामुळे ‘फक्त दहा रुपये’ वाचून पुढे २६० जास्त द्यावे लागले की फसवल्यासारखं वाटतं. ‘फक्त’ हा शब्दही नको. ते फक्त आहे की नाही, हे देणाऱ्याने ठरवायचं.

चिठ्ठी किमान पंधरा दिवस आधी डब्यासोबत द्या आणि व्हॉट्सॲपवरही टाका. दर तोच ठेवून पोळ्या लहान करायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. रोज खाणाऱ्याला आठवड्यात कळतं आणि तो न सांगताच डबा बंद करतो.

‘आमच्यापुरता जुना दर ठेवा’ असे दोन-चार फोन येतील. एकाला दिलात तर त्याच सोसायटीत दुसऱ्याला कळेलच. ज्यांना खरंच जड जातंय त्यांच्यासाठी भाताशिवाय छोटा डबा कमी दरात काढा, आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवा. माझ्याकडे दोन आज्या तोच घेतात.