तांबड्या रश्श्याचा हात आणि वीस सेकंद

प्रश्न: तांबडा रस्सा खाल्ल्यावर नुसत्या पाण्यानं हात निघत नाही, साबणानं निघतो, असं का? आणि वीस सेकंद चोळायलाच हवं का?

उत्तर: रश्श्यावरचा कट म्हणजे तेल, आणि मिरचीचा लाल रंगही तेलातच विरघळलेला असतो. त्यामुळे पाणी त्यावरून नुसतं ओघळून जातं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. असे असंख्य रेणू तेलाच्या बारीक थेंबाभोवती गोळा होतात, शेपट्या आत आणि पाणी धरणारी टोकं बाहेर. मग तो थेंब पाण्याबरोबर वाहून जातो.

जंतू याच तेलकट थरात अडकलेले असतात, तेही सोबत सुटतात. साबण बहुतेक जिवाणूंना मारत नाही, हातावरून हटवतो. फ्लू किंवा कोरोनाच्या विषाणूचं बाहेरचं आवरण मात्र स्निग्ध असतं, ते साबणानं फाटतं.

पण तेलाचा थर आपोआप थेंबांत फुटत नाही, ते काम चोळण्याचं. बोटांच्या बेचक्यात, अंगठ्याभोवती, नखांखाली फेस पोचायला वेळ लागतो. वीस हा काही जादूचा आकडा नव्हे, पण पाच सेकंदांत तळहातच तेवढे धुतले जातात. रश्श्यानंतर नखांच्या कडा बघा: केशरी आणि बुळबुळीत असतील तर चोळणं कमी पडलंय. (हळदीचा डाग साबणानं लालसर होतो, ती वेगळी गोष्ट. साबण अल्कधर्मी असल्यामुळे हळदीचा रंग बदलतो.)

बोअरच्या जड पाण्यात फेस कमी होतो, तिथं साबण थोडा जास्त घ्या.