माईकची केबल कोपरावर गुंडाळू नकोस

हाताचा पंजा आणि कोपर यांभोवती केबल गुंडाळणं आधी सोड. माईकच्या केबलमध्ये पीळ दिलेल्या दोन बारीक तारा असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तंतूंची जाळी. एकाच दिशेने वेटोळं घातलं की प्रत्येक फेऱ्यात केबलला एक पूर्ण पीळ बसतो. 20 मीटरची केबल 40 सेंटिमीटर रुंद वेटोळ्यांत गुंडाळलीस तर साधारण 16 फेरे होतात, म्हणजे 16 पीळ. मग प्रयोगाआधी केबल सरळ ओढली की तेच पीळ एका जागी गोळा होऊन गाठीसारखी मुरड पडते. तिथे आतल्या तारा आवळतात, जाळीचे तंतू तुटू लागतात. वरचं रबर मात्र धडधाकट दिसतं! केबल हलवल्यावर स्पीकरमधून खरखर आली, तर आत तुटल्याचा संशय घे.

म्हणून पहिलं वेटोळं नेहमीसारखं डाव्या हातात घे. दुसऱ्याच्या वेळी उजवा हात उलटा, अंगठा खाली करून केबल पकड आणि हात सरळ करत वेटोळं असं ठेव की पुढची केबल त्याच्या आतल्या बाजूने निघेल. एक सुलट, एक उलट. एकाचा पीळ दुसरा फेडतो. केबल जिथे आपणहून वळते तिथे जबरदस्ती करू नकोस.

वेलक्रोची पट्टी सैल बांध. सोडताना टोक वेटोळ्यांच्या मधून गेलं, तर मात्र ओळीने गाठी पडतात, एवढं जप.