टीव्हीटीचं निदान नुसत्या स्लाइडवरून होतं का?

प्रश्न: माझ्या कुत्रीच्या योनीतून थेंब थेंब रक्त येतं. डॉक्टरांनी तिथल्या पेशींची स्लाइड बघून टीव्हीटी, म्हणजे मिलनातून पसरणारी कर्कगाठ, असल्याचं सांगितलं. एवढ्यावर विश्वास ठेवावा का? व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगाच्या औषधाने गाठ खरंच जाते?

उत्तर: हो, ठेवा. या गाठीच्या पेशी सहज सुटून काचेवर येतात आणि ओळखू येतात: सुट्या गोल पेशी, गोल केंद्रक, त्यात ठळक केंद्रिका आणि फिकट निळसर पेशीद्रवात ओळीने मांडल्यासारखी स्वच्छ गोल छिद्रं. गाठ जननेंद्रियावर असेल तर सहसा बायोप्सी लागत नाही.

हा आजार विषाणूमुळे होत नाही. मिलनाच्या वेळी आजारी कुत्र्याच्या जिवंत कर्कपेशीच दुसऱ्याच्या अंगात रुजतात. हुंगण्या-चाटण्यातून त्या नाकातोंडातही जातात, म्हणून नाकातून रक्त येतंय का तेही बघा.

व्हिन्क्रिस्टिन आठवड्यातून एकदा शिरेतून देतात. किलोला ०.०२५ मिलिग्रॅम धरलं, तर २० किलोच्या कुत्रीला ०.५ मिलिग्रॅम. बहुतेकींची गाठ चार ते सहा डोसांत जाते. रक्त थांबलं तरी गाठ पूर्ण नाहीशी होईपर्यंत डोस सोडू नका. प्रत्येक डोसाआधी रक्ततपासणी हवीच. पांढऱ्या पेशी फार घटल्या असतील तर डोस पुढे ढकलतात. औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी सडते, त्यामुळे सलाइनची सुई नीट बसलेली असणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गाठ कमी होईनाशी झाली तर डॉक्सोरुबिसिन हे दुसरं औषध देतात किंवा किरणोपचार करतात. उपचार संपेपर्यंत तिला इतर कुत्र्यांपासून दूर ठेवा.